३० बाय २० च्या कोब्याला जाळीच्या २४ शीट का?

★ "सोयाबीनच्या गोडाऊनचा कोबा, ३० बाय २०. म्हणजे ६०० फूट. ८ बाय ४ ची शीट ३२ फुटाची, १९ मध्ये काम व्हायला पाहिजे होतं. दुकानदारानं २४ गळ्यात मारल्या. वरून फूटभर रुंदीच्या पट्ट्या भंगारात गेल्या."

रामराम भाऊ. १९ चा हिशोब फरशीच्या टाइल्सला चालतो, कारण टाइल टाइलला लागून बसते. जाळी मात्र एकमेकीवर चढवावी लागते. कडेला कड नुसती टेकवली, तर त्या रेषेत काँक्रीटला धरून ठेवणारी तारच नसते. मग कोब्याला तडा जातो तो नेमका तिथेच, पट्टीनं ओढल्यासारखा सरळ.

तुमच्या जाळीचं घर ४ इंचाचं आहे. लॅप दोन घरांचा, म्हणजे ८ इंच, शेवटच्या आडव्या तारेपासून मोजलेला. भिंतीपासून चारही बाजूंनी २ इंच जागा सोडली की जाळीला भरायचे राहतात ३५६ बाय २३६ इंच. लांबीत पहिली शीट ९६ इंच देते, पुढची प्रत्येक फक्त ८८. चार शीटचे झाले ३६०. रुंदीत पहिली ४८, पुढच्या ४०-४०. पाच शीट २०८ वरच थांबतात, म्हणून सहावी लागते आणि २४८ होतात. चार गुणिले सहा, २४. शीट आडव्या टाकल्या असत्या तर नऊ गुणिले तीन, २७ लागल्या असत्या.

तुमच्या पट्ट्या त्या जास्तीच्या १२ इंचांच्या आहेत. त्या मध्ये कुठं भरता येत नाहीत, कारण दोन्ही बाजूंचा लॅपच १६ इंच खातो. पण कापायची गरजच नव्हती. रुंदीतल्या पाच जोडांपैकी तिनात दोनऐवजी तीन घरं चढवली असती, तर हे १२ इंच तिथेच मुरले असते. हे आम्ही बिलामागं आखून द्यायला पाहिजे होतं, ती चूक आमची. शीट तेवढ्याच लागल्या असत्या, मिस्त्रीचं कटिंग वाचलं असतं.

काँक्रीट अजून पडलं नसेल तर एक पाहून घ्या. चार शीटचे कोपरे एकाच जागी आले की तिथं जाळीचे चार थर साचतात, आणि ४ इंचाच्या कोब्यात ती जागा फुगून वर येते. एक ओळ सोडून पुढच्या ओळीची सुरुवात अर्ध्या शीटनं करा, उरलेलं अर्धं त्याच ओळीच्या शेवटी लावा. एक लॅप वाढतो, ओळ ३५२ इंच भरते आणि दोन्ही टोकांना भिंतीजवळ २ ऐवजी ४ इंच सुटतात. जमिनीवरच्या कोब्याला ते चालतं. छताच्या स्लॅबला हा हिशोब लावू नका, तिथं इंजिनिअरचं ड्रॉइंगच पाहिजे.

न कापलेली शीट उरली असेल तर बिल घेऊन या, पूर्ण भावात परत घेऊ.