फोटो आला की लगेच नावं ठेवावीत

रविवारी सकाळी पावणेआठला सोसायटीच्या ग्रुपवर एक फोटो येतो. सोबत प्रश्न नाही, खुलासा नाही, साधं 'सुप्रभात'ही नाही. हॉलच्या पायऱ्यांवर दोन रांगांत चौदा माणसं, मागे कापडी फलक, आणि फोटो टाकणारे दुसऱ्या मजल्यावरचे काका थेट आंघोळीला. आता तुमच्यातला एखादा भित्रा माणूस विचारेल, "काका, फोटो मिळाला. काय हवं होतं?" असलं काही विचारू नका. काकांना काय हवंय हे काकांनाच विचारायचं, तर ग्रुप कशाला काढला?

तुम्ही सरळ नावं ठेवायला घ्या. म्हणजे दोन्ही अर्थांनी, पण सुरुवात पहिल्या अर्थाने. दोन बोटांनी फोटो मोठा करा, चेहऱ्याचे चौकोनी ठिपके दिसायला लागले की थांबा आणि लिहा: 'मागे डावीकडून तिसरे, बी विंगचे जोशी. शंभर टक्के.' शंभर टक्के हे शब्द विसरू नका. जोशींना तुम्ही आजवर लिफ्टमध्ये दोनदा पाहिलंय, तेही मास्कच्या काळात, पण हा तपशील लिहायची गरज नाही.

या कामात लोकांचा हिरमोड करणारे संशोधक असतात, त्यांच्याकडे दुर्लक्ष करावं. 2011 साली ब्रिटनमधल्या काही मंडळींनी लोकांच्या हातात चाळीस फोटो दिले आणि सांगितलं, माणसागणिक वेगळे ढीग करा. फोटो होते फक्त दोन बायकांचे, प्रत्येकीचे वीस. त्या दोघी नेदरलँड्समधल्या प्रसिद्ध चेहऱ्यांपैकी, पण ब्रिटनमध्ये त्यांना कोण ओळखणार? तिथल्या लोकांनी सरासरी सात-आठ ढीग केले. उजेड बदलला, केस बांधले, वय थोडं पुढे सरकलं की त्यांना ती वेगळीच बाई वाटायची. तेच फोटो डच लोकांना दिले तेव्हा जवळपास सगळ्यांनी बरोबर दोन ढीग करून दाखवले. म्हणजे आपली आई आपण धुक्यातही ओळखतो, आणि त्या जोरावर आपल्याला वाटतं की जोशीही ओळखता येतील. अनोळखी चेहऱ्याच्या बाबतीत आपली नजर वेगळीच चालते, पण खात्री मात्र आईवाल्या दर्जाचीच वाटते. ही खात्री फार मोलाची. तिला धक्का लावू नका.

तुमची नजर कमी पडलीच तर यंत्र आहे. चेहरा टाका, जगभरातले सारखे चेहरे काढून देणाऱ्या साइट्स आहेत. यंत्र फक्त 'सारखा' म्हणतं. त्याचा 'तोच' करायला तुम्ही बसलेलेच आहात. अमेरिकेत डेट्रॉइटच्या पोलिसांनी हेच केलं. दुकानातल्या घड्याळचोरीचं धूसर कॅमेराचित्र यंत्रात घातलं, यंत्राने वाहन परवान्याचा एक जुना फोटो सुचवला, आणि 2020 च्या जानेवारीत एका गृहस्थाला बायको-मुलींसमोर घराबाहेरून बेड्या घालून नेलं. जवळपास तीस तास कोठडी. चोर तो नव्हताच. तुम्ही मात्र निश्चिंत राहा. तुम्ही पोलीस नाही, तुमच्याविरुद्ध फार तर जोशी भांडतील.

खरी कसोटी मागच्या रांगेतल्या शेवटच्या बाईंची. पहा, सगळे कॅमेऱ्याकडे बघताहेत आणि त्या मान वळवून, ओढणी खांद्यावरून पुढे घेऊन उभ्या आहेत. फोटो काढून घ्यायचा नव्हता, पण मध्येच निघून जाणं बरं दिसलं नसतं, अशा उभ्या. इथे तुमचं कौशल्य दाखवा. 'अगं ही तीच ना, आपल्या इथे भाड्याने राहायची? नवऱ्याशी पटत नव्हतं. आता नाशिकला असते वाटतं.' मागचा फलक आहेच, त्यावर गावाचं नाव आणि तारीख छापलेली. म्हणजे एका मेसेजमध्ये नाव, गाव आणि ती त्या दिवशी कुठे होती, सगळं आलं. तिने गाव बदलून, नंबर बदलून जे दोन वर्षं लपवलं ते तुम्ही पोहे व्हायच्या आत उघड केलंत. आणि गंमत अशी, की इथे तुमची ओळख अगदी बरोबर असली तर नुकसान जास्त. चुकली तर निदान भलत्याच बाईंना त्रास.

फेसबुकनेसुद्धा 2021 च्या नोव्हेंबरात फोटोंमधले चेहरे आपोआप ओळखून नाव सुचवणं बंद करायचं ठरवलं आणि शंभर कोटींहून जास्त लोकांच्या चेहऱ्यांची साठवलेली मापं पुसून टाकणार असं जाहीर केलं. फेसबुक मागे हटलं म्हणून सोसायटीने हटायचं का?

अशा रंगात आलेल्या ग्रुपमध्ये एक तरी माणूस मिठाचा खडा टाकायला असतोच. आमच्याकडे त्या चौथ्या मजल्यावरच्या ग्रंथपाल काकू. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, सवय गेली नाही. त्यांनी लिहिलं:

'चौदा जण. पुढे सहा बसलेले, मागे आठ उभे. फलकावरची अक्षरं सरळ वाचता येतात, म्हणजे फोटो उलटा झालेला नाही. डावी बाजू ती डावीच. फलकावर "वार्षिक स्नेहमेळावा", तारीख आणि प्रमुख पाहुण्यांचं नाव आहे. पण ते नाव मधल्या खुर्चीतल्या गृहस्थांचं की त्यांच्या शेजारच्या बाईंचं, हे फोटो सांगत नाही, म्हणून मी कुणाला चिकटवत नाही. दाराच्या वर हॉलची पाटी आहे, खाली फोन नंबर, शेवटचे दोन आकडे हारामागे गेलेत. काका, नेमकं काय हवंय? नावं हवी असतील तर मी चेहरे न दाखवता नुसत्या आकृत्या काढून एक ते चौदा आकडे टाकते. मेळाव्याच्या आयोजकांना पाठवा, ज्याला आपलं नाव द्यायचंय तो आपल्या आकड्यासमोर देईल. बाकीच्या जागा कोऱ्या राहू देत.'

कोऱ्या! फोटोखाली कोरी जागा ठेवायची म्हणजे लग्नात एक पान रिकामं वाढून ठेवण्यासारखं. शिवाय या बाईंनी इतकं सगळं सांगितलं, माणसं मोजली, हार पाहिला, आणि एकाही माणसाला नाव ठेवलं नाही. दोन्ही अर्थांनी. कुणीतरी त्यांना विचारलंही, "काकू, तुम्हाला त्यातलं कुणीच ओळखू येत नाही का?" त्यावर उत्तर आलं, "दोघं येतात. त्यांना फोन करून विचारते, सांगू का म्हणून."

तोवर जोशींनी स्वतः ग्रुपवर कळवलं होतं की त्या दिवशी ते पुण्यात मुलाकडे होते, आणि तिसऱ्या क्रमांकाच्या गृहस्थांना टक्कल आहे. तुम्ही अर्थातच माघार घेऊ नका. 'मग तुमचा भाऊ असेल' असं लिहा. जोशींना भाऊ नाही, पण ते पुढच्या मेसेजचं बघू.

पावणेदहाला काका आंघोळ, पूजा आणि नाश्ता आटोपून फोनकडे आले. त्रेसष्ट मेसेज. त्यांनी वरचं काहीच न वाचता लिहिलं:

'मघाशी लिहायचं राहिलं. हा हॉल मुंजीसाठी बघतोय. माझा चष्मा दुरुस्तीला दिलाय. पाटीवरचा नंबर कुणी वाचून देईल का?'