७०२ आले म्हणजे नेमकं काय आलं?

“एडब्ल्यूएस सोल्युशन्स आर्किटेक्ट असोसिएटला १००० पैकी ७२० लागतात, म्हणजे ७२ टक्के. मला ७०२ आले, म्हणजे एखाद-दुसऱ्या प्रश्नाने गेलं, नुसतं नशीब. आता रिपोर्टमध्ये ज्या विभागांपुढे Needs Improvement आलंय तेवढेच वाचायचे, बाकीचे झालेत. १४ दिवस झाले की लगेच परत बसायचं, विषय ताजा असतो.”

ॲमेझॉनच्या एडब्ल्यूएस या क्लाउड सेवेच्या सर्टिफिकेट परीक्षेत थोडक्यात नापास झालेल्यांच्या तोंडून हे ऐकू येतं. यातलं एक वाक्य जवळपास खरं असू शकतं, आणि गंमत म्हणजे सगळ्यात जास्त घात तेच करतं. त्याच्याकडे येतोच.

आधी टक्क्यांचं मिटवू. गुणांची ही पट्टी शून्यापासून सुरूच होत नाही, १०० पासून १००० पर्यंत जाते. तेव्हा ७२० पट्टीवर कुठे पडतात हे बघायचंच असेल, तर ६२० भागिले ९०० करायला हवं आणि उत्तर जेमतेम ६९ येतं. पण तोही आकडा खरा नव्हे. कॉम्पटियाच्या सिक्युरिटी प्लस या परीक्षेची पट्टी १०० ते ९०० आणि पासिंग ७५० आहे. तिथे ७५० भागिले ९०० करून “८३ टक्के लागतात बाबा” म्हणणारे भेटतात. मायक्रोसॉफ्टच्या परीक्षांना ७०० लागतात आणि ते म्हणजे ७० टक्के नव्हेत, हे खुद्द मायक्रोसॉफ्टने लिहून ठेवलंय. तरी हिशेब चालूच.

पट्टी का लागते ते बघा. एकाच परीक्षेचे अनेक पेपर एकाच वेळी चालू असतात आणि ते अगदी सारख्या अवघडपणाचे कधीच नसतात. अशा परीक्षांची पासिंगची रेषा ठरवायची रूढ रीत अशी, की जाणकारांचं मंडळ एकेक प्रश्न घेतं आणि विचारतं, ‘जेमतेम पात्र असलेले १०० जण बसवले तर यातल्या कितींना हा येईल?’ या अंदाजांची बेरीज म्हणजे त्या पेपरची रेषा. याला अँगॉफ पद्धत म्हणतात. सोप्या पेपरला ही रेषा वर जाते, अवघडला खाली येते. मग दोन्ही रेषांना पट्टीवर एकच आकडा देतात, इथे ७२०. म्हणजे ७२० हे ‘किती प्रश्न आले’ याचं उत्तर नाही, ‘रेषा ओलांडली का’ याचं आहे.

खरा तक्ता एडब्ल्यूएस प्रसिद्ध करत नाही, म्हणून समजण्यापुरता एक बनवू. पेपरात प्रश्न ६५ असतात, पण मोजतात ५०च. उरलेले १५ पुढच्या पेपरांसाठी चाचपून बघतात आणि ते कोणते हे कळू देत नाहीत. त्यामुळे “माझे वीस चुकले असतील” असा घरी येऊन मांडलेला हिशेब फुकट. समजा, आपल्या पेपरची रेषा ५० पैकी ३६ वर आहे. ३६ ला ७२०, ५० ला १०००. मधल्या १४ प्रश्नांत २८० गुण, म्हणजे एका प्रश्नाला २०. रेषेच्या खालीही तीच चाल धरली तर ३५ ला ७०० येतात. दुसऱ्या, अवघड पेपरची रेषा ३३ वर असेल, तर तिथे ३५ बरोबर देणारा आरामात पास होतो. दोघांनाही ७० टक्केच आले, एक नापास, एक पास, आणि अन्याय कुणावरच नाही.

आता ते जवळपास खरं वाक्य. ७०० च्या आसपास असाल तर फरक खरंच एखाद-दुसऱ्या प्रश्नाचा असू शकतो. पण त्यातून ‘मी खरं म्हणजे पासच होतो’ हे निघत नाही. निघतं ते इतकंच, की तुम्ही रेषेवर उभे आहात.

रेषेवर उभं राहणं किती डळमळीत असतं ते आकड्यातच बघा. ज्याची तयारी अशी आहे की या पद्धतीच्या शंभर प्रश्नांतले सत्तर त्याला येतील, त्याला ५० प्रश्नांचे वेगवेगळे पेपर दिले तर दर वेळी नेमके ३५ येणार नाहीत. कधी नेमकं काल वाचलेलं पडेल, कधी नको ते. हा चढउतार साधारण किती असतो, त्याचं सूत्र सोपं आहे:

√(५० × ०.७ × ०.३) ≈ ३.२

म्हणजे दहापैकी सातेक वेळा हा माणूस ३२ ते ३८ च्या मध्ये कुठेतरी येईल. आपल्या पट्टीवर हे ६४० ते ७६० झालं. तीच व्यक्ती, तीच तयारी. तेव्हा ७०२ वाला आणि ७३८ वाला यांच्या ज्ञानात फरक आहे असं छातीठोक सांगता येत नाही, फक्त एकाच्या हातात सर्टिफिकेट आहे. ३५ च्या तयारीने, काहीही न वाचता पुन्हा बसलात, तर ३६ गाठायची शक्यता दहात साडेचारच्याही किंचित खाली येते. नाणं उडवण्यापेक्षा थोडी वाईट, आणि फी पुन्हा पूर्ण भरायची.

म्हणून विचारायचा प्रश्न ‘किती गुणांनी गेलं’ हा नाही. रेषेच्या वर किती अंतर राखून जायचं, हा आहे. तयारी ५० पैकी ३८ ची झाली तर दहात आठ वेळा पार पडाल. ४० ची झाली तर दहात नऊहून जास्त वेळा. मी तरी ४० धरतो. म्हणजे ७०० वाल्याला एक प्रश्न नव्हे, पाच प्रश्न कमवायचेत. ६२० वाल्याला नऊ. दोघांना एकच ‘१४ दिवस’ सांगणं हास्यास्पद आहे ते यामुळे.

विभागांचा तक्ता हा रिपोर्टचा सगळ्यात मोहात पाडणारा भाग. SAA-C03 ला, म्हणजे याच परीक्षेला, चार विभाग आहेत: सुरक्षित रचना ३० टक्के, लवचीक म्हणजे बिघाड सोसणारी रचना २६, वेगवान रचना २४ आणि खर्चात बसणारी रचना २०. मोजल्या जाणाऱ्या ५० प्रश्नांत याचे १५, १३, १२ आणि १० होतात. प्रत्येकापुढे दोनच शेरे येऊ शकतात, Meets Competencies किंवा Needs Improvement. आकडा नाही.

माझ्या ओळखीच्या एकीचा रिपोर्ट आम्ही दोघांनी मिळून बघितला होता. सुरक्षा आणि वेग यांच्यापुढे ‘मीट्स’, लवचीकता आणि खर्च यांच्यापुढे ‘नीड्स’. ती म्हणाली, “दादा, सिक्युरिटीची वही मी मिटली.” तेव्हा तिला कागदावर हे मांडून दाखवलं. समजा, ३५ बरोबर आले ते असे आले: सुरक्षेत १५ पैकी ११, लवचीकतेत १३ पैकी ९, वेगात १२ पैकी ९, खर्चात १० पैकी ६. शेऱ्याची सीमा ७० टक्क्यांना धरली तर तक्ता हुबेहूब तिच्यासारखाच येतो. आता बरोबर सोडा, चुकलेले मोजा. अनुक्रमे चार, चार, तीन, चार. ‘झालेल्या’ दोन विभागांत सात प्रश्न गेलेत आणि ‘कच्च्या’ दोन विभागांत आठ. मिटलेल्या वहीत जवळजवळ निम्मं नुकसान पडून आहे.

शिवाय लवचीकतेत एकच प्रश्न जास्त आला असता तर १३ पैकी १० होऊन तिथेही ‘मीट्स’ दिसलं असतं. दहा-पंधरा प्रश्नांच्या विभागात एकेक प्रश्न सात ते दहा टक्क्यांचा असतो, मग शेरा इकडचा तिकडे व्हायला कितीसा वेळ? हे शेरे जपून वाचा, असं एडब्ल्यूएसची परीक्षा-मार्गदर्शिकाही सांगते. निकाल एकूण गुणांवर लागतो, प्रत्येक विभागात वेगळं पास व्हावं लागत नाही. ‘नीड्स’ घेऊन पास झालेले कितीतरी आहेत.

मग तक्ता टाकून द्यायचा का? नाही. चारांपैकी तीन ‘नीड्स’ असतील आणि एकूण ६०० च्या घरात असेल, तर पाया कच्चा आहे हे तो नीट सांगतो. एकच ‘नीड्स’ आणि एकूण ७०० असेल, तर मात्र त्यातून फारसं काही निघत नाही. तिथे स्वतःची आठवण जास्त कामाची. सेंटरमधून बाहेर पडल्यावर त्याच दिवशी, कोणत्या विषयांवर आपण दोन पर्यायांत अडकलो ते लिहून काढायचं. प्रश्नांची वाक्यं लिहायची नाहीत, गोपनीयतेच्या अटीत ते बसत नाही. ‘एनएटी गेटवे की व्हीपीसी एंडपॉइंट’, ‘मल्टी-एझेड की रीड रेप्लिका’ एवढं पुरतं. तिच्या यादीत अकरा ओळी निघाल्या, आणि त्यातल्या पाच सुरक्षेच्या होत्या. ज्या विभागाची वही मिटली होती, त्याच्या.

राहिली तारीख. १४ दिवस ही एडब्ल्यूएसची किमान थांबायची मुदत आहे, तेवढ्यात तयारी होते असं त्यात कुणी म्हटलेलं नाही. मायक्रोसॉफ्टकडे पहिल्यांदा नापास झाल्यावर २४ तासांनी परत बसता येतं, म्हणून २४ तासांत शिकून होतं का? आणि ‘ताजं’ असतं ते बऱ्याचदा सराव-संचातल्या प्रश्नांचं. तोच संच तिसऱ्यांदा सोडवून ९० टक्के आले की माणूस खूश होतो, पण त्याला उत्तर आठवलेलं असतं, सुचलेलं नसतं. ओळखायची खूण सोपी आहे. उत्तर निवडल्यावर उरलेले तीन पर्याय का चूक, हे प्रत्येकी एका वाक्यात सांगून बघा. ‘ते नव्हतं तिथे’ एवढंच तोंडात आलं, तर तो प्रश्न मोजायचा नाही.

तारीख ठरवायला मी एकच कसोटी वापरतो. आधी कधीच न पाहिलेले दोन पूर्ण संच, वेगवेगळ्या ठिकाणचे, प्रत्येकी ६५ प्रश्न, १३० मिनिटं, मध्ये न उठता. दोन्हींत ८० टक्के आले तर बसायचं. एकात ८४ आणि एकात ७१ आले, तर सरासरी काढून समाधान मानायचं नाही. सराव-संचांचा अवघडपणा एकमेकांशी जुळवलेला नसतो, तेव्हा कमी आकडाच खरा धरायचा. तिच्या बाबतीत पंधराव्या दिवशी पहिल्या संचात ७४ आले. दुसरा तिने सोडवलाच नाही, तारीख पुढे ढकलली. परीक्षेच्या २४ तास आधीपर्यंत ती बदलता येते, एका नोंदणीला दोनदा.