गरम गाडीतलं कूलंट, थंड गाडीतलं कूलंट : एका प्रतिक्रियेला उत्तर

वाचकाची प्रतिक्रिया:

“कूलंट सकाळी थंड गाडीतच बघा आणि कमी असेल तर थोडंच घाला, हे तुमचं म्हणणं पुस्तकी आहे. आमचा मिस्त्री वर्षानुवर्षं गरम गाडीतच बघतो आणि बाटली गळ्यापर्यंत भरतो. जास्त झालं तर पाईपमधून निघून जातं, त्यात बिघडतं काय? परवा पुण्याहून साताऱ्याला येताना खंबाटकी चढून ढाब्यावर थांबलो, बाटलीत कूलंट बरोबर मधोमध होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी घरी बघतो तर ‘लो’च्या रेघेवर. म्हणजे तुमच्या हिशेबाने गळती आणि आमच्या हिशेबाने गाडी ठणठणीत! शेवटी पाव लिटर नळाचं पाणी घातलं आणि विषय संपवला. उगाच लोकांना घाबरवू नका.”

तुमची गाडी ठणठणीतच दिसते आहे, आणि माझ्या हिशेबानेही तसंच आहे. तुम्ही दिलेली दोन निरीक्षणं एकमेकांना अगदी धरून आहेत, म्हणून त्यांच्यापासूनच सुरुवात करतो.

लहान पेट्रोल गाडीच्या इंजिनात, रेडिएटरमध्ये आणि पाईपांत मिळून साधारण चार लिटर कूलंट असतं असं धरू. निम्मं पाणी आणि निम्मं ग्लायकॉल असलेलं मिश्रण दर अंशाला लिटरमागे सुमारे 0.6 मिलिलिटर फुगतं. सकाळी गाडी 20 अंशांवर होती आणि घाट चढल्यावर कूलंट 95 अंशांच्या आसपास गेलं, म्हणजे फरक 75 अंशांचा. चार लिटरला तो 180 मिलिलिटर झाला. एवढ्या जास्तीच्या कूलंटला इंजिनात जागा नसते, म्हणून ते बाटलीत येतं. बाटली आतून दहा सेंटिमीटर लांब आणि आठ रुंद धरली, तर 180 मिलिलिटरने पातळी सव्वादोन सेंटिमीटर चढते. बहुतेक लहान बाटल्यांवर ‘लो’ ते मध्य हे अंतर जवळपास तेवढंच भरतं. ढाब्यावर तुम्हाला जे दिसलं आणि सकाळी घरी जे दिसलं, ते एकच कूलंट होतं. थेंबभरही कुठे गेलं नव्हतं.

त्यात भर म्हणजे घाट चढून इंजिन बंद केलं की लगेच थंडावा सुरू होत नाही. पंप थांबतो, कूलंट फिरायचं थांबतं आणि तापलेल्या धातूची उष्णता काही मिनिटं त्यात मुरतच राहते. ढाब्यावर चहा येईपर्यंत बाटलीत दिसते ती दिवसातली सगळ्यात वरची पातळी. गरम गाडीत बघण्यातली अडचण नेमकी हीच आहे. गरम म्हणजे किती गरम? गावातल्या गावात फिरलेली गाडी, हायवेवर शांतपणे आलेली गाडी आणि घाट चढून आलेली गाडी, तिन्ही वेगवेगळी पातळी दाखवतील. ‘फुल’ आणि ‘लो’ या रेघा मात्र थंड इंजिन गृहीत धरून आखलेल्या असतात. ‘फुल’च्या वर बाटलीत जी रिकामी जागा दिसते, ती गरम झाल्यावर चढणाऱ्या कूलंटसाठीच सोडलेली असते. काही जुन्या गाड्यांच्या बाटलीवर थंड आणि गरम अशा दोन वेगळ्या खुणा असत, तिथे गरम बघायलाही आधार होता. तुमच्या बाटलीवर तशी खूण नसेल, तर गरम पातळी कशाशी ताडून बघायची?

थंडसुद्धा एकच नसतं, हेही सांगून टाकतो. डिसेंबरच्या पहाटे 12 अंश आणि एप्रिलच्या सकाळी सावलीत 30 अंश, एवढ्या फरकाने त्याच गाडीत सुमारे 43 मिलिलिटरचा, म्हणजे बाटलीत अर्ध्या सेंटिमीटरचा फरक पडतो. थंडीच्या पहिल्या आठवड्यात “कूलंट उतरलं” म्हणून बरेच जण बाटली हातात घेऊन बसतात, त्यांतल्या अनेकांचं उतरलेलं हेच असतं.

आता गळ्यापर्यंत भरण्याबद्दल. तुमची बाटली कोणत्या प्रकारची आहे, यावर उत्तर अवलंबून आहे. रेडिएटरवर स्वतःचं धातूचं झाकण असेल, तिथून एक बारीक नळी बाटलीकडे जात असेल आणि बाटलीचं टोपण हलकं, नुसतं दाबून बसणारं असेल, तर ती साधी राखीव बाटली. तिच्यात दाब नसतो. दाब रेडिएटरच्या झाकणामागे असतो. कूलंट फुगलं की झाकणातला व्हॉल्व्ह उघडून जास्तीचं बाटलीत सोडतो आणि इंजिन थंड झालं की दुसरा छोटा व्हॉल्व्ह तेच परत आत ओढतो. अशा बाटलीत गळ्यापर्यंत भरलंत, तर पहिल्या घाटाला ते 180 मिलिलिटर वरून सांडेल आणि पुढच्या सकाळी पातळी तेवढीच खाली बसेल. इंजिनाचं त्यात काही बिघडत नाही, इथपर्यंत तुमच्या मिस्त्रींशी मी सहमत आहे. पण तुम्ही पुन्हा गळ्यापर्यंत भरणार, पुन्हा ते सांडणार, आणि मग खरोखरच कुठे थेंबथेंब गळायला लागलं तर ते या रोजच्या सांडण्यात लपून जाणार. शिवाय ग्लायकॉल चवीला गोडसर आणि विषारी असतं. पार्किंगमध्ये साचलेलं कुत्र्यामांजरांनी चाटलं तर त्यांच्या जिवावर बेतू शकतं.

दुसरा प्रकार दाबाच्या टाकीचा. हिच्यावर जाड, पेचाचं, धोक्याचं चित्र असलेलं झाकण असतं, तळाशी जाड पाईप जोडलेला असतो आणि रेडिएटरवर बहुधा वेगळं झाकणच नसतं. इथे कूलंटच्या वरची हवा मुद्दाम ठेवलेली असते. कूलंट फुगताना ती हवा दबते आणि दाब सावकाश वाढतो. गळ्यापर्यंत भरलंत तर दबायला हवाच उरत नाही. दाब झटकन झाकणाच्या मर्यादेला पोचतो, झाकण कूलंट बाहेर टाकतं, आणि तोवर पाईपांचे सांधे आणि टाकीची शिवण विनाकारण ताण सोसतात. ही टाकी गरम असताना उघडायची नाही, कापड धरूनही नाही. आतलं कूलंट दाबाखाली असल्यामुळे 100 अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल होताच दाब पडतो आणि तेच कूलंट वाफ होऊन अंगावर येतं.

“थोडंच घाला” म्हणजे किती, हे विचारायला हवं होतं, तुम्ही नुसतंच टोमण्यात उडवलंत. गाडी सपाट जागेवर, रात्रभर उभी. इमारतीच्या उतारावर किंवा अर्धं चाक फुटपाथवर असेल तर बाटलीतलं कूलंट एका बाजूला कलतं आणि वाचन चुकतं. जुन्या बाटल्या पिवळ्या पडतात आणि जुन्या पातळीचा डाग आतून इतका ठळक असतो की तीच पातळी वाटते. मागून टॉर्च धरा आणि गाडी हाताने जराशी हलवा. जी रेघ हलते ती खरी पातळी. ती दोन खुणांच्या मध्ये कुठेही असेल तर काहीच घालायचं नाही, अगदी ‘लो’पेक्षा बोटभरच वर असली तरी. ‘लो’ला टेकली असेल किंवा किंचित खाली असेल, तर औषधाच्या मापाने 100 मिलिलिटर घाला, थांबा, बघा. वर धरलेल्या मापाच्या बाटलीत 100 मिलिलिटर म्हणजे सव्वा सेंटिमीटर. आणखी 100 घातलं की पातळी मध्यावर येते आणि तिथेच थांबायचं. ‘फुल’पर्यंत नेलं तरी चालतं, पण त्याची गरज नसते.

तुमच्या पाव लिटरने पातळी ‘लो’च्या वर तीन सेंटिमीटर गेली असेल, म्हणजे थंडीत ती खुणांच्या आतच आहे. तेव्हा मापाबद्दल तक्रार नाही, नळाच्या पाण्याबद्दल आहे. एकदाच्या पाव लिटरने निम्मं असलेलं ग्लायकॉल 47 टक्क्यांवर येतं, त्याने काही होत नाही. पण समजा कुठूनतरी दर महिन्याला दीडशे मिलिलिटर मिश्रण गळतंय आणि तुम्ही तेवढंच पाणी घालताय. वर्षअखेरीस ग्लायकॉल 32 टक्क्यांच्या आसपास उतरलेलं असेल आणि त्याच प्रमाणात गंज रोखणारी रसायनंही. साताऱ्यात कूलंट गोठायची भीती नाही, त्यामुळे इथे ग्लायकॉलपेक्षा त्या रसायनांचं मोल जास्त. बोअरच्या जड पाण्यातला क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो तो वेगळाच. म्हणून गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या प्रकारचं तयार मिश्रण घ्या. डब्यावर ‘कॉन्सन्ट्रेट’, म्हणजे पाणी न मिसळलेलं, असं लिहिलं असेल तर ते आधी डिस्टिल्ड वॉटरमध्ये सारख्या प्रमाणात मिसळून मग घाला. नुसत्या रंगावर जाऊ नका, एकाच हिरव्या रंगात वेगवेगळी रसायनं विकली जातात.

साधी राखीव बाटली पूर्ण रिकामी सापडली तर वरचं काहीच लागू नाही. रिकाम्या बाटलीतून थंड होणारा रेडिएटर कूलंटऐवजी हवा ओढतो. मग इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचं झाकण उघडून आत काठोकाठ आहे का ते बघावं लागतं. याची उलट बाजू अधिक फसवी आहे. बाटली नेहमी तुडुंब, गरम आणि थंड दोन्ही वेळा जवळपास सारखीच, आणि सकाळी रेडिएटरचा वरचा रबरी पाईप चपटा झालेला. अशा वेळी झाकणातला परत ओढणारा व्हॉल्व्ह अडकलेला असण्याची शक्यता असते. कूलंट बाटलीत जातं, परत येत नाही, आणि बाटली भरलेली दिसत असताना रेडिएटर उपाशी राहतो. वरचा पाईप ठीक पण पातळी हलतच नसेल, तर झाकण आणि बाटलीमधल्या नळीला चीर पडली आहे का बघा. तिथूनही हवाच आत जाते.

तुमच्या मिस्त्रींच्या गरम वाचनाचा उपयोग इथेच होतो, फक्त ते एकटं वापरायचं नाही. बाटलीवर कागदी चिकटपट्टी उभी लावा. उद्या सकाळी थंड पातळीवर पेनने रेघ आणि तारीख, पुढच्या घाटानंतर (बाहेरूनच, झाकण न उघडता) गरम पातळीवर दुसरी. दोन रेघांत एकदोन सेंटिमीटरचं अंतर असेल तर कूलंट जातंय आणि परतही येतंय. नंतर फक्त सकाळची रेघ बघा. कूलंट नुकतंच बदललं असेल तर पहिल्या काही दिवसांत अडकलेली हवा निघून पातळी थोडी उतरते, ती सोडून द्या. त्यानंतरही महिन्याभरात सकाळची पातळी सेंटिमीटरभर खाली गेली, तर कूलंट घालत बसण्याऐवजी मिस्त्रींना पाण्याचा पंप, पाईपांचे क्लिप आणि पुढच्या सीटसमोरचा, पायाखालचा गालिचा तपासायला सांगा. गालिचा ओला आणि काचेवर गोडसर वासाचं धुकं असेल तर हीटरचा कोअर, म्हणजे हीटरचा छोटा रेडिएटर, गळतोय.