सरासरी भावाचे आणि बॅरियर ऑप्शन: नुसती व्होलॅटिलिटी घटवून किंमत निघत नाही

“एशियन आणि बॅरियर ऑप्शन म्हणजे साध्या ऑप्शनचीच स्वस्त रूपे. मुदतीअखेर भाव कुठे असेल याचा अंदाज असला की पुरे. ब्लॅक-शोल्सच्या सूत्रात व्होलॅटिलिटी थोडी कमी घाला, किंमत मिळते.”

हा दावा एकेक मुद्दा घेऊन तपासू. एशियन ऑप्शनचा परतावा मुदतीतल्या सरासरी भावावर ठरतो, तर बॅरियर ऑप्शन भावाने ठरलेली पातळी गाठताच रद्द होतो किंवा सुरू होतो; व्होलॅटिलिटी म्हणजे भावाच्या चढउताराचे प्रमाण. प्रथम अखेरच्या भावाविषयी. कच्च्या तेलावर ८० चा स्ट्राइक असलेला चार महिन्यांचा कॉल, म्हणजे ८० या ठरलेल्या भावाने खरेदीचा हक्क, घेऊ आणि महिनाअखेरच्या भावांचे दोन मार्ग पाहू. पहिल्या मार्गावर भाव ९०, १००, ९५, ८५ असे जातात आणि दुसऱ्यावर ७०, ७५, ८०, ८५ असे. दोन्हींचा शेवट ८५ वरच होतो, म्हणून साधा कॉल दोन्हीकडे ५ देतो. सरासरीवरचा कॉल मात्र पहिल्या मार्गावर ९२.५ ची सरासरी धरून १२.५ देतो, तर दुसऱ्यावर सरासरी ७७.५ भरत असल्याने काहीच देत नाही. आता ९८ ला स्पर्श होताच रद्द होणारा कॉल पाहा: पहिल्या मार्गावर तो दुसऱ्याच महिन्यात संपतो आणि दुसऱ्या मार्गावर पूर्ण ५ देतो. अखेरचा भाव अचूक ओळखणाऱ्यालाही या दोन करारांचे उत्तर उलटसुलट मिळू शकते.

स्वस्तपणाच्या मुद्द्यात तथ्य आहे, पण ते अर्धेच. भाव १००, स्ट्राइक १००, मुदत एक वर्ष, व्होलॅटिलिटी ३० टक्के आणि सोयीसाठी व्याजदर शून्य धरल्यास साध्या कॉलची किंमत सुमारे ११.९ येते. वर्षभराची रोजची सरासरी घेतली तर ती सुमारे ६.९ वर उतरते, कारण अशा सरासरीचा चढउतार मूळ भावाच्या चढउताराला तीनच्या वर्गमुळाने भागल्याइतका, म्हणजे साधारण १७ टक्के, राहतो. परंतु सरासरी फक्त शेवटच्या महिन्याची असेल तर किंमत ११.६ च्या आसपासच राहते. सरासरीची खिडकी किती लांब आहे यावर सगळे अवलंबून असल्याने “थोडी कमी” या शब्दांना आकड्यात काही अर्थ उरत नाही.

सरासरीचा काळ सुरू झाल्यावर तर चित्र आणखी बदलते. समजा निम्मे दिवस सरले, त्यांची सरासरी १२० झाली आणि आजचा भाव ९० आहे. १०० चा साधा कॉल इथे पैशाबाहेर आहे, म्हणजे भाव स्ट्राइकच्या खाली आहे. सरासरीच्या कॉलला मात्र उरलेल्या दिवसांची सरासरी ८० च्या वर राहिली तरी पुरते, म्हणजे धारकाच्या हातात प्रत्यक्षात ८० स्ट्राइकचा अर्धा कॉल आहे. घडून गेलेला मार्ग ज्या सूत्रात मुळात येतच नाही, त्यात व्होलॅटिलिटी कितीही फिरवली तरी हे दिसणार नाही. शिवाय ब्लॅक-शोल्समध्ये भाव लॉगनॉर्मल, म्हणजे ज्यांचा लॉगॅरिदम नॉर्मल वितरण पाळतो असे, मानले जातात; अशा भावांचा गुणाकार लॉगनॉर्मल राहतो, बेरीज राहत नाही. म्हणून भूमितीय सरासरीसाठी नेमके सूत्र मिळते आणि करारांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या साध्या सरासरीसाठी मिळत नाही. केम्ना आणि व्होर्स्ट यांनी १९९० मध्ये सुचवलेला उपाय आजही उपयोगी पडतो: सिम्युलेशनच्या त्याच मार्गांवर दोन्ही सरासऱ्या काढायच्या आणि भूमितीय सरासरीत सूत्राच्या तुलनेत जी चूक दिसेल तिच्या आधारे साध्या सरासरीचे उत्तर दुरुस्त करायचे.

या दाव्यातील सर्वांत घातक चूक बॅरियरच्या बाबतीत होते. वरच्याच आकड्यांवर १२० ला रद्द होणारा कॉल घेतला, तर ३० टक्के व्होलॅटिलिटीवर त्याची किंमत अर्ध्या रुपयाहूनही कमी येते. व्होलॅटिलिटी १५ टक्क्यांवर आणली की साधा कॉल ११.९ वरून ६ वर घसरतो, पण हा कॉल जवळपास १.९ वर चढतो. कारण उघड आहे: चढउतार जितका मोठा, तितके अधिक मार्ग १२० ला टेकून बाद होतात आणि बाद होणारे नेमके तेच असतात जे नफ्याकडे निघाले होते. जिथे दिशाच उलटी आहे, तिथे साध्या सूत्रात घटवलेली व्होलॅटिलिटी घालून विकणाऱ्याचे जोखीम झाकण्यासाठी केलेले हेजिंगही उलट्या बाजूला जाईल.

ही चूक पकडण्याची एक पक्की कसोटी आहे. बॅरियरला स्पर्श होताच सुरू होणारा आणि स्पर्श होताच रद्द होणारा असे एकाच स्ट्राइकचे व मुदतीचे दोन कॉल एकत्र ठेवले, आणि रद्द झाल्यास भरपाई नसेल, तर त्यांची बेरीज साध्या कॉलइतकीच यायला हवी. प्रत्येकासाठी वेगळी अंदाजे व्होलॅटिलिटी वापरणाऱ्याची ही बेरीज सहसा जुळत नाही.

याशिवाय बॅरियर कधी तपासला जातो, हे करारात वाचावेच लागते. १९७३ मध्ये मर्टन यांनी खाली रद्द होणाऱ्या कॉलचे सूत्र दिले तेव्हा भावावर अखंड नजर गृहीत धरली होती. तपासणी फक्त रोजच्या बंद भावावर होत असेल, तर दिवसात १२० ओलांडून परतलेला मार्ग जिवंत राहतो आणि ऑप्शन थोडा महाग होतो. ब्रॉडी, ग्लासरमन आणि कोउ यांच्या १९९७ च्या दुरुस्तीनुसार अखंड नजरेच्या सूत्रात ३० टक्के व्होलॅटिलिटीवर बॅरियर इथे सुमारे १.१ टक्का वर, म्हणजे १२१.३ च्या जवळ, धरावा लागतो.