रात्रभर शेगडीवर राहिलेलं हाडांचं सूप: सकाळची उकळी काय करते आणि काय करत नाही

*"हाडांचं सूप रात्रभर शेगडीवर राहिलं तरी खराब होत नाही. १) तासन्‌तास उकळल्याने सगळे जंतू मेलेले असतात. २) वर चरबीचा थर बसतो, त्यामुळे आत हवा शिरत नाही आणि सूप टिकतं. ३) अगदी मंद आचेवर किंवा नुसतं कोमट राहिलं तरी चालतं. ४) चमचाभर व्हिनेगर घाला. ५) सकाळी एक उकळी आणली की पुन्हा ताजं. गरम सूप फ्रीजमध्ये ठेवू नका, सत्त्व जातं. पूर्वीचे लोक असंच करायचे. सर्वांना पाठवा."*

हा संदेश माझ्या वहिनीपर्यंत पोहोचला आणि तिने तो खरा मानला. तिची आई मोठ्या शस्त्रक्रियेतून नुकती उठते आहे. तिला ताकद यावी म्हणून रोज सूप होतं, आणि हल्ली ते पातेलं रात्री झाकून शेगडीवरच राहू लागलं आहे. धडधाकट माणसाचं एक दिवस पोट बिघडलं तर तो सावरतो. सत्तरी ओलांडलेल्या, आधीच अशक्त झालेल्या बाईला जुलाबातून अंगातलं पाणी कमी होणं झेपत नाही. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

पहिल्या मुद्द्यापासूनच गडबड आहे. मांसाच्या पदार्थांतून होणाऱ्या विषबाधांमध्ये क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स हा जंतू अनेकदा सापडतो. तो मातीत असतो, जनावरांच्या आतड्यात असतो, त्यामुळे कच्च्या मांसावर आणि हाडांवरही असतो. परिस्थिती प्रतिकूल झाली की तो जाड कवचाचा बीजाणू होऊन पडून राहतो. उकळत्या पाण्यात वाढणारे जंतू मरतात, पण त्याचे काही बीजाणू १०० अंश सेल्सियसला तासभर उकळूनही जिवंत राहतात. त्याहून वाईट म्हणजे त्या उष्णतेनेच बीजाणू जागे होतात. सूप निवायला लागलं की ते फुटून पुन्हा वाढीला लागतात. या वेळी त्यांच्याशी स्पर्धा करणारे बाकीचे जंतू मेलेले असतात आणि सगळं अन्न त्यांच्याच वाट्याला येतं. म्हणजे तासन्‌तास उकळल्याने पातेलं निर्जंतुक होत नाही, फक्त एका चिवट जंतूसाठी मोकळं होतं.

याचं एक नोंदलेलं उदाहरण आहे. १९९३ च्या मार्चमध्ये अमेरिकेत क्लीव्हलँड इथे एका दुकानातून घेतलेलं खारवलेलं गोमांस खाऊन लोक आजारी पडले. २५ मार्चपर्यंत १५६ जणांनी तक्रार केली होती. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिक अहवालात त्याची हकीकत आहे. सणाच्या गर्दीसाठी दुकानाने १४०० पौंड मांस घेतलं होतं. ते टप्प्याटप्प्याने तीन तास उकळलं, खोलीच्या तापमानाला निवू दिलं आणि मग फ्रीजमध्ये ठेवलं. विकायच्या दिवशी ते बाहेर काढून सुमारे ४९ अंशांवर गरम ठेवलं आणि कापून दिलं. कारण निघालं हेच परफ्रिंजन्स. तीन तासांची उकळी झाली होती, फ्रीजही होता. चूक झाली ती दोन ठिकाणी: सावकाश निवण्यात आणि नुसतं कोमट ठेवण्यात. संदेशात नेमकी हीच दोन कामं करायला सांगितली आहेत.

आता चरबीचा थर. संदेशातला सगळ्यात घातक मुद्दा मला हा वाटतो, कारण तो ऐकायला पटतो. हवा लागली की पदार्थ नासतो हे आपण लहानपणापासून ऐकतो, आणि बुरशीच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरंही आहे. पण परफ्रिंजन्सला प्राणवायू नकोच असतो. प्राणवायू असेल तिथे त्याची वाढ अडते. सूप उकळताना पाण्यात विरघळलेली हवा निघून जाते आणि वरचा चरबीचा थर ती परत आत शिरू देत नाही. बॉट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचा जंतूसुद्धा अशाच, हवा नसलेल्या जागी वाढतो. शिवाय हा थर उष्णता धरून ठेवतो. उघड्या पातेल्यातून वाफेबरोबर बरीच उष्णता निघून जाते. थर आणि झाकण दोन्ही असले की ती आतच राहते आणि सूप धोक्याच्या तापमानात आणखी जास्त वेळ रेंगाळतं. म्हणजे ज्याला संरक्षण म्हटलंय, तो थर जंतूला हवं तसं वातावरणही देतो आणि वाढायला वेळही देतो.

तिसऱ्या मुद्द्यात अर्धं सत्य आहे आणि ते मान्य करायला हवं. सूप रात्रभर खरोखर खदखदत राहिलं, म्हणजे पृष्ठभागावर सतत बारीक बुडबुडे येत राहिले, तर त्यात काहीही वाढत नाही. इतकंच काय, पातेल्यातला प्रत्येक भाग ६० अंशांच्या वर राहिला तरी जंतूंच्या दृष्टीने ते सुरक्षित आहे. परफ्रिंजन्सची वाढ पन्नाशीच्या थोडं पुढे, ५४ अंशांच्या आसपास थांबते. पण "मंद आच" आणि "कोमट" या दोन गोष्टी संदेशाने एकाच ओळीत टाकल्या आहेत, आणि सुरक्षित-असुरक्षित यातला सगळा फरक त्या दोन शब्दांच्या मधे आहे. बोट घालून "गरम आहे" असं वाटणारं सूप ४५ अंशांचं असू शकतं. या जंतूला सगळ्यात मानवणारं तापमान साधारण तेच, ४३ ते ४७ अंश.

एका रात्रीचा हिशोब मांडून पाहू. हा अंदाज आहे, पण फुगवलेला नाही. सहा लिटर सूप, जाड बुडाचं पातेलं, वर झाकण, खोलीत २८ अंश. रात्री साडेदहाला गॅस बंद केला. असं पातेलं ५४ अंशांपर्यंत यायला साधारण तीन-साडेतीन तास घेतं, म्हणजे रात्रीचे दोन वाजतात. पहाटे चारच्या सुमाराला ते पंचेचाळिशीच्या खाली उतरतं आणि सहाला ३७-३८ अंशांवर असतं. म्हणजे दोन ते सहा हे चार तास जंतूच्या सोयीचे. त्यातला पहिला तास बीजाणू फुटण्यात गेला असं धरू. अनुकूल तापमानात परफ्रिंजन्स दहा मिनिटांत किंवा त्याहूनही लवकर दुप्पट होतो. उरलेल्या तीन तासांत अठरा वेळा दुप्पट, म्हणजे एकाचे अडीच लाखांहून जास्त. सुरुवातीला एका मिलिलिटरमध्ये फक्त दहा असले तर सकाळी सव्वीस लाख होतात. माणूस आजारी पडायला ग्रॅममागे दहा लाखांच्या आसपास जंतू पुरतात. वाढ याच्या निम्म्या वेगाने झाली तर त्या सकाळी काही होणार नाही, हे खरं. पण तेच पातेलं दुसऱ्या रात्रीही तसंच ठेवणाऱ्या घरात रोज नशिबावर विसंबावं लागतं.

आणि हे वासावरून कळत नाही. इतके जंतू असलेलं सूप दिसायला, चवीला, वासाला नेहमीसारखंच असू शकतं.

ज्यांना खरोखर रात्रभर शिजवायचं आहे त्यांनी स्लो कुकर वापरावा आणि अन्नाचा थर्मामीटर घ्यावा. "वॉर्म" वर ठेवलेल्या सूपाचं तापमान दोन तासांनी मोजा. ६० च्या वर असेल तर ठीक. एक अडचण मात्र लक्षात ठेवा: मध्यरात्री वीज दोन-तीन तास गेली आणि पहाटे परत आली, तर सकाळी सूप गरमच सापडेल आणि मधे काय झालं ते कळणार नाही. गॅसची बारीक ज्योत रात्रभर ठेवून झोपण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे. ज्योत वाऱ्याने विझली तर सूप निवतं, आणि आपोआप गॅस बंद करणारी सोय शेगडीत नसेल तर घरात गॅस भरतो. पाणी आटलं तर पातेलं जळतं. झोपलेल्या घरात यातलं काहीही वेळेत लक्षात येणार नाही.

सकाळच्या उकळीबद्दलही अर्धं सत्य आहे. रात्रीत वाढलेले परफ्रिंजन्स उकळीने मरतात, कारण या वेळी ते बीजाणू नसून नाजूक, वाढत्या अवस्थेत असतात. त्याचं विष माणसाच्या आतड्यात तयार होतं, तेही जिवंत जंतू पोटात गेले तरच. बॉट्युलिझमचं विषसुद्धा दहा मिनिटांच्या उकळीने नष्ट होतं. मग अडलं कुठे? एक तर घराघरांत "उकळी" म्हणजे कडेला बुडबुडे आले की गॅस बंद. अनेक जण वाटीभर सूप काढून पिण्याइतकं गरम करतात. जाड सूपाच्या मध्यापर्यंत ७४ अंश पोचले का, हे कोणी बघत नाही. दुसरं कारण अधिक गंभीर आहे. काही जंतू त्यांचं विष सूपातच सोडतात आणि ते विष उकळीला दाद देत नाही. हाडावरचं मांस हाताने सोडवलं, चाखलेला चमचा परत पातेल्यात बुडवला, की हातातोंडावरचा स्टॅफिलोकॉकस सूपात जातो. सूपात भात किंवा नूडल्स असतील तर बॅसिलस सिरियस येतो. जंतू मेल्यावरही त्यांचं उलटी करवणारं विष टिकून राहतं. तेव्हा उकळीने काही धोके संपतात, काही तसेच राहतात, आणि तुमच्या पातेल्यात कोणते आहेत हे तुम्हाला ठाऊक नसतं.

व्हिनेगरबद्दल फार लिहायला नको. काही लिटर सूपात चमचाभर व्हिनेगर घातल्याने ते जंतूंची वाढ रोखण्याइतकं आंबट होत नाही. तितकं आंबट केलं तर कोणी पिणार नाही.

फ्रीजने सत्त्व जातं हे निराधार आहे. गार सूप जेलीसारखं थिजतं ते हाडांतून उतरलेल्या जिलेटिनमुळे, आणि गरम केल्यावर ते पुन्हा पातळ होतं. हं, उकळतं सहा लिटरचं पातेलं तसंच फ्रीजमध्ये सरकवू नये, एवढं बरोबर आहे. ते मध्यापर्यंत गार व्हायला फार वेळ लागतो आणि तोवर शेजारचे पदार्थही तापतात.

पूर्वीच्या लोकांबद्दल एवढंच सांगते की हा आजार खाल्ल्यानंतर सहा ते चोवीस तासांनी होतो आणि बहुतेकदा दिवसभरात ओसरतो. सकाळी प्यायलेल्या सूपाने रात्री पोटात कळ आली तर दोष दुपारच्या किंवा रात्रीच्या जेवणाला जातो. "आम्हाला कधी काही झालं नाही" म्हणणाऱ्यांना काहीच झालं नसेल असं त्यावरून सिद्ध होत नाही.

वहिनीला मी सांगितलं ते असं. सूप संध्याकाळीच लावायचं, प्रेशर कुकरमध्ये दोन-तीन तासांत हाडांचा बराचसा अर्क उतरतो. झोपण्याआधी तास-दीड तास हातात राहील अशा बेताने गॅस बंद करायचा. लगेच गाळून हाडं बाजूला काढायची. ती आत राहिली तर उष्णता धरून ठेवतात. गाळलेलं पातेलं सिंकमध्ये बर्फाच्या पाण्यात ठेवून ढवळत राहायचं, पाणी कोमट झालं की बदलायचं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची नियमावली उपाहारगृहांना ५७ वरून २१ अंशांवर दोन तासांत आणि तिथून ५ अंशांवर पुढच्या चार तासांत यायला सांगते. बर्फाच्या पाण्यात पहिला टप्पा घरीही सहज गाठता येतो. मग दोन इंचांहून जास्त खोली होणार नाही अशा पसरट डब्यांत ओतून फ्रीजमध्ये. तीन-चार दिवसांत संपवायचं, जास्त असेल तर फ्रीझरमध्ये. प्यायच्या वेळी लागेल तेवढंच काढून खळखळून उकळायचं, उरलेलं परत डब्यात टाकायचं नाही.

आणि रात्री गॅस बंद करून विसरलेलं पातेलं सकाळी सापडलं, तर ते ओतून द्यायचं. त्यातलं सूप तिच्या आईला अजिबात द्यायचं नाही, मग ते कितीही वेळ उकळलेलं असो.