पाचशे रुपयांची कवटी

घरात एकोणीस वर्षांची मुलगी असली की कपड्यांवरून, केसांना लावलेल्या तेलावरून आणि फोनवर मोठ्याने बोलण्यावरून आईला बोलणी खावी लागणार, हे मी धरूनच चालले होते. हसण्यावरूनही खावी लागतील असं मात्र वाटलं नव्हतं. तेही व्हॉट्सअ‍ॅपवरच्या हसण्यावरून.

झालं असं, की मृण्मयीने कॉलेजातून एक किस्सा पाठवला. हजेरी घेताना सरांनी तिचं नाव ‘मृण्मय’ असं वाचलं आणि हिने गडबडीत सरांना ‘प्रेझेंट मॅडम’ असं उत्तर दिलं. मी गाडीत होते, हसू आलं, 😂😂😂😂 पाठवून दिले. लगेच उत्तर आलं, “आई, प्लीज.”

“काय झालं? हसतेय मी.”

“असं कोणी हसत नाही आता. एकदम काकू वाटतेस.”

आता मी काकूच आहे. पार्ल्यातल्या आमच्या बिल्डिंगमधली निम्मी मुलं मला काकूच म्हणतात आणि उरलेली निम्मी मला पाहून जिना बदलतात. पण रात्री तिने मैत्रिणींची उत्तरं दाखवली तेव्हा मी जरा हबकले. एकीने 💀 पाठवली होती, दुसरीने 💀💀, तिसरीने हमसून रडणारा 😭. किस्सा तोच. मला वाटलं, बिचारीला एकही धड मैत्रीण नाही. तर म्हणे त्या सगळ्या खूप हसल्या होत्या. कवटी म्हणजे ‘मेले मी हसून’. आणि तो रडणारासुद्धा रडत नव्हता.

“मग 😂 ने काय घोडं मारलंय?” मी विचारलं. “तोही हसूनच रडतोय की.”

“तो फार प्रयत्न करतो गं,” मृण्मयी म्हणाली आणि झोपायला गेली.

हे वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. दुसऱ्या दिवशी लेडीज डब्यात समोरच्या सीटवर तिच्याच वयाची एक मुलगी होती. कानात इअरफोन, चेहरा असा, की जणू पासबुकातला बॅलन्स बघतेय. एक रील पाहिलं, खाली कवटी टाकली, पुढचं रील. ओठाचा कोपरासुद्धा हलला नाही. तेव्हा मला त्या ‘प्रयत्न करतो’चा अर्थ लागला. 😂 हा हसण्याचं प्रात्यक्षिक करून दाखवतो. डोळे मिटलेले, दात बाहेर, दोन्ही बाजूंनी पाण्याचे टपोरे थेंब. लग्नात एक मामा असतात ना, विनोद संपायच्या आधी स्वतःच मांडीवर थाप मारणारे, तसा. कवटी हसत नाही. ती फक्त हसण्याचा निकाल कळवते : माणूस गेला. दावा केवढा मोठा, आणि चेहरा बघाल तर कोरा. हसून डोळ्यांत पाणी येण्यापेक्षा हसून मरणं ही कितीतरी मोठी अतिशयोक्ती आहे, पण ती ढिम्म चेहऱ्याने केली की आजच्या पोरांना आवडते.

दुसरं असं, की 😂 चं हे जे झालंय ते आपणच केलंय. माझ्या पिढीने त्याला हसण्यासाठी वापरायचं कधीच सोडलं. आमच्या सेक्रेटरींचे मेसेज बघा. ‘मेंटेनन्स दहा तारखेच्या आत भरावा 😂’. ‘जिन्यात चपला ठेवू नयेत 😂’. यात हसण्यासारखं काय आहे? काही नाही. ते आहे वंगण. मागणी रुक्ष वाटू नये, समोरच्याला राग येऊ नये, म्हणून शेवटी लावलेलं. मी स्वतः ऑफिसात ‘सर, उद्या रजा हवी होती 😂’ असं लिहिणाऱ्यांपैकी आहे. इतक्या ठिकाणी चोपडल्यावर खरंच हसू आलं की एकाने भागत नाही, मग चार टाकायचे. चारही रोजचे झाले, की आठ. पोरं हे बघत मोठी झाली. त्यांना 😂 दिसला की विनोद आठवत नाही, मेंटेनन्स आठवतो.

कवटीचा तिथे उपयोगच नाही, आणि हीच तिची ताकद. ‘मेंटेनन्स दहा तारखेच्या आत भरावा 💀’ असं लिहून बघा. लोक पोलिसांत जातील.

गंमत म्हणजे यात म्हातारं कोण आणि तरुण कोण, हे वयावरून ठरवता येत नाही. दोघं जुळी आहेत. युनिकोड म्हणजे जगातल्या सगळ्या अक्षरांना आणि चिन्हांना नंबर देणारी यादी. तिच्या २०१० सालच्या ६.० या आवृत्तीत दोघं एकदमच आली, आणि नंबर लावायचाच तर कवटी आधी : तिचा U+1F480, हसऱ्याचा U+1F602. २०१५ मध्ये ऑक्सफर्डच्या कोशवाल्यांनी 😂 लाच वर्षाचा शब्द ठरवलं, तिथे त्याची कमान होती. २०२१ च्या सुरुवातीला ट्विटरवर 😭 त्याच्या पुढे गेला आणि तरुण पोरांनी 😂 बाद केल्याच्या बातम्या आल्या. मात्र त्याच वर्षी युनिकोडवाल्यांनी जगभरचा हिशेब मांडला, त्यात 😂 च पहिला निघाला. दर शंभर इमोजींत पाचांहून जास्त एकटा तोच. म्हणजे तो मेलेला नाही. फक्त आमच्याकडे राहायला आलाय.

आता मूळ दुखण्याकडे येते. मृण्मयीपुरतं मी सांभाळलं असतं. पण मी सोसायटीच्या कमिटीवर आहे (दुसरं कोणी तयार नव्हतं), आणि बिल्डिंगच्या ग्रुपवर या दोन्ही जमाती एकत्र नांदतात.

जुलैतली गोष्ट. दिवसभर पाऊस, खालच्या टाकीचा पंप बिघडला. सेक्रेटरींना चष्मा सापडेना, म्हणून त्यांनी बोलून मेसेज टाईप केला. त्यांना म्हणायचं होतं, ‘पंप बंद आहे, सर्वांनी पाणी जपून वापरावे.’ ग्रुपवर उमटलं ते असं : ‘पंप बंद आहे, सर्वांनी राणी जपून वापरावी 😂’. शेवटचं चिन्ह सवयीने. क्रियापदसुद्धा राणीच्या लिंगाप्रमाणे नीट जुळलेलं, त्यामुळे चूक वाटायलाही जागा नव्हती.

तिसऱ्या मजल्यावरच्या ओंकारने खाली 💀 टाकली. मग पहिल्या मजल्यावरच्या जुळ्या बहिणींनी दोन-दोन टाकल्या. मृण्मयीने तीन. बघता बघता ‘पंप’ या शब्दाखाली स्मशान उभं राहिलं.

आमचे खजिनदारकाका वीज मंडळातून रिटायर झालेले. त्यांनी आयुष्यभर कवटी एकाच ठिकाणी पाहिली आहे : लाल पाटीवर, खाली फुली मारलेली दोन हाडं, आणि अक्षरं ‘धोका, ४४० व्होल्ट’. तशीच पाटी आमच्या मीटर रूमच्या दारावर आहे, त्यांनीच लावून घेतलेली. खरं तर हाडं असलेली ती कवटी वेगळी, ☠️. तिचा नंबर वेगळा, U+2620, आणि इमोजींचं खूळ युनिकोडमध्ये शिरायच्या कितीतरी आधीपासून ती त्या यादीत बसलेली आहे. धोका, विष, चाचे ही तिची खाती. हसण्याचं खातं बिनहाडाच्या 💀 कडे. पण पावसाळी रात्री, सहा इंची स्क्रीनवर, मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढे ढकललेला माणूस हाडं मोजत बसेल काय?

काकांनी हिशेब केला. पाऊस आहे, पंप बंद आहे, आणि चार जणांकडून विजेच्या धोक्याची सूचना आली आहे. म्हणजे पंपात करंट उतरलाय. ते छत्री घेऊन खाली गेले, मेन स्विच पाडला आणि वायरमनला बोलावलं. बिल्डिंग अंधारात. ओंकारने ग्रुपवर विचारलं, “लाईट का गेले?” काकांनी लिहिलं, “तूच कळवलेस ना. शाब्बास.” त्यावर ओंकारने पुन्हा कवटी टाकली. काकांनी जिन्यात दोन खुर्च्या आडव्या लावल्या.

वायरमन भिजत आला. स्टार्टर उघडला, टेस्टर लावला, अर्थिंग पाहिलं. करंट कुठेच नव्हता. मोटर जाम झाली होती, ती प्लंबरची भानगड. त्याने व्हिजिटचे पाचशे घेतले आणि जाताना विचारलं, “पण शॉक लागला कुणाला?”

“चार जणांना,” काका म्हणाले.

मी तोवर खाली पोचले होते. टॉर्चच्या उजेडात काकांना समजावणं हे माझ्या आयुष्यातलं सगळ्यात कठीण भाषण. कवटी म्हणजे मुलं हसली, एवढं त्यांनी ऐकून घेतलं. मग त्यांनी चोख प्रश्न विचारला, “मग खरंच कोणी गेलं तर मुलं काय टाकणार?” मी म्हटलं, तेव्हा काहीच टाकत नाहीत, फोन करतात. यावर ते विचारात पडले. मला त्यांच्यापुढे तोरा मिरवायचाही हक्क नव्हता, कारण आमच्या माहेरच्या ग्रुपवर ‘अण्णांना भावपूर्ण श्रद्धांजली 😂🙏’ असे तीन मेसेज मी डोळ्यांनी पाहिलेत. पाठवणाऱ्यांना त्यात पाण्याचे थेंब तेवढे दिसतात. बाकीचा चेहरा कोणी बघत नाही.

ओळखायची खूण एकच आहे, ती मी काकांना सांगितली : कवटी कशाखाली आहे ते पाहायचं. वर फजिती असेल तर हसणं. स्वतःचीच फजिती सांगून शेवटी लावली असेल तर लाज. नुसत्या बातमीखाली आली, तर मात्र फोन करून विचारायचं. काकांनी हे वहीत लिहून घेतलं.

पण पाचशे रुपयांची पावती राहिलीच. कॅशबुकात काकांनी स्वच्छ अक्षरात नोंद केली : ‘ग्रुपवरील कवट्यांची तपासणी, रु. ५००’. ऑडिटरने त्याभोवती पेन्सिलीने गोल केला. वार्षिक सभेत विषय निघाला, वीस मिनिटं चालला. मुलं हसत होती, खरोखरची, आवाजासकट. शेवटी ठराव झाला आणि सेक्रेटरींनी तो लगेच ग्रुपवर टाकला, या वेळी चष्मा लावून : ‘सभासदांनी व त्यांच्या पाल्यांनी ग्रुपवर कवटी टाकू नये. टाकल्यास सोबत कारण लिहावे.’

मिनिटभर शांतता. मग ओंकारचं उत्तर आलं.

‘💀 कारण : वरील ठराव.’

सेक्रेटरींनी लिहिलं, ‘नोंद घेतली 😂’.