पालीला नाही, एक दिवस मलाच पळवून लावाल

आमच्या ओट्यावरचा बंदोबस्त ऐका. ट्यूबलाइटच्या पट्टीवर मोरपीस खोचलंय, खिडकीच्या चौकटीत अंड्यांची टरफलं मांडलीत, शेगडीच्या बाजूला पाल पळवणारा स्प्रे उभा आहे. आणि पाल? पाल ट्यूबलाइटच्या मागे आहे. नुसतं शेपटाचं टोक बाहेर. खाली भाजी शिजतेय.

आता माझा राग पालीवर नाहीये, हे आधीच सांगते. ती बिचारी किडे खायला आली आहे आणि खातेही आहे. राग आहे तो या उपायांवर, आणि ते ठणकावून सांगणाऱ्या सगळ्यांवर. टरफलं सासूबाईंची, मोरपीस मावशीचं, स्प्रे नवऱ्याचा. प्रत्येकाचा उपाय "शंभर टक्के" चालतो. मग पाल कशी आहे विचारलं की उत्तर एकच, "अगं, पण आधीपेक्षा कमी झाल्यात ना!" कमी होणारच! थंडी पडली की पाल आपोआप मंदावते, फटीत जाऊन बसते. थंडीत टांगलेल्या कुठल्याही वस्तूला पाल पळवल्याचं श्रेय मिळतं. जुनी चप्पल टांगा, ती पण चालेल.

टरफलांपासून सुरुवात करते, कारण त्यांनी माझं डोकं सगळ्यात जास्त फिरवलंय. म्हणे, अंड्याच्या वासाने पाल येत नाही. कुठला वास? टरफल म्हणजे जवळजवळ 95 टक्के कॅल्शियम कार्बोनेट. खडूच तो. वास येतो तो आत चिकटलेल्या पांढऱ्या बलकाच्या पापुद्र्याला, आणि त्या वासाने पाल जात नाही, मुंग्या आणि झुरळं येतात. म्हणजे तिला हाकलायला निघालो आणि तिचंच ताट वाढून ठेवलं.

बरं, पाल स्वतः अंडी घालते हो! घरातली पाल कपाटामागे नाहीतर फटीत एका वेळी साधारण दोन पांढरी, टणक कवचाची अंडी घालते. कवच बनवायला तिला कॅल्शियम लागतं आणि ते ती मानेजवळच्या पिशव्यांमध्ये साठवून ठेवते. पाळीव पाली ठेवणारे लोक त्यांना मुद्दाम कॅल्शियमची भुकटी देतात. अशा प्राण्याने अंड्याचं कवच बघून घर सोडून पळायचं, असं आमच्या घरात ठरलंय.

आणि हे प्रकरण नुसतं निरुपयोगी असतं तर मी गप्प बसले असते. टरफलाच्या बाहेरच्या बाजूला कोंबडीच्या विष्ठेतून साल्मोनेला येऊ शकतो, तो कोरड्या जागीही बरेच दिवस तग धरतो. आपण पालीला घाबरतो ते तिच्या विष्ठेतल्या याच जंतूसाठी ना? मग तोच जंतू स्वतःच्या हाताने ओट्याच्या वर आणून ठेवायचा, हा कुठला शहाणपणा? खिडकी उघडली की वारा येतो, टरफलाचा चुरा खाली चिरलेल्या भाजीत पडतो. मी म्हटलं, निदान उकळून, वाळवून तरी ठेवा. तर उत्तर आलं, "मग वास कसा राहील?" वास राहिला तर जंतू आणि झुरळं, वास गेला तर तुमच्याच म्हणण्याप्रमाणे उपयोग शून्य. यातून वाट कुठली, ते कोणी सांगत नाही.

मोरपिसावर थोडक्यात बोलते. मोर पाली खातो, हे खरं आहे. पण पाल पिसाला नाही, हालचालीला घाबरते. पंख्याच्या वाऱ्यावर पीस हललं तर पहिल्यांदा दचकेल, मग तेच पीस तसंच हलत राहिलं आणि काहीच झालं नाही, की तिला सवय होते. हलत नसेल तर ती त्याच्या मागेच जाऊन बसते, कारण भिंत आणि वस्तू यांच्यातली अरुंद, अंधारी जागा तिला आवडतेच. मावशीच्या स्वयंपाकघरात मी स्वतः बघितलं. पिसाच्या डोळ्याच्या बरोब्बर मागे पाल. दाखवलं तर म्हणते, "पीस जुनं झालं असेल गं, नवं लाव."

शिवाय शेगडीजवळ पीस म्हणजे तेलाच्या वाफेचा चिकट थर, त्यावर धूळ, आणि पिसं खाणारे बारीक किडे ते वेगळेच. किडे आले की पाल येते, हे पुन्हा सांगायला लागू नये. दिवाणखान्यात शोभेला लावायचंय तर खुशाल लावा. पातेल्याच्या वर नको, एवढंच म्हणणं आहे.

आता स्प्रे. इथे विषय गंमतीचा राहत नाही.

बाटलीच्या पुढच्या बाजूला हसरं कुटुंब आणि चकाचक स्वयंपाकघर. मागच्या बाजूला, भिंगाशिवाय वाचता येणार नाही अशा अक्षरात, "खाद्यपदार्थ व भांड्यांपासून दूर ठेवा, हवेशीर जागी वापरा". अरे, मग पुढे स्वयंपाकघर कशाला छापलंय?

बाजारात या नावाखाली साधारण दोन प्रकार दिसतात. एक तेलांचा, म्हणजे गवती चहा, पुदिना, निलगिरी, दालचिनी वगैरे. दुसरा म्हणजे खरं तर झुरळ-डासांचं कीटकनाशक, जे लोक पालीवर मारतात. तेलांचा वास फरशीवरून काही तासांत उडून जातो. संध्याकाळी मारलं की मध्यरात्री, नेमकं पाल फिरते तेव्हा, तिथे फारसं काही उरलेलं नसतं. सतत मारत राहिलं तर घरच्यांचेच डोळे चुरचुरतात. आणि "सगळं नैसर्गिक आहे" म्हणून बाटली खालच्या कप्प्यात ठेवायची नाही. निलगिरीचं तेल लहान मुलाच्या पोटात थोडंसं गेलं तरी दवाखाना गाठावा लागतो.

कीटकनाशकाचं उलट आहे. त्याचा थर टिकतो, म्हणून तर ते झुरळावर चालतं. पण टिकणारा थर पोळपाटावर, ओट्यावर, ताटांच्या मांडणीत हवाय का कुणाला? घरात मांजर असेल तर आणखी जपायला हवं, कारण यातली पायरेथ्रॉइड गटाची रसायनं मांजराच्या शरीराला नीट पचवता येत नाहीत. म्हणजे अन्नाजवळ चालेल इतका सौम्य स्प्रे पालीला रात्रभर दूर ठेवत नाही, आणि टिकणारा स्प्रे अन्नाजवळ चालत नाही. आमच्या ह्यांना हे समजावता समजावता माझा घसा बसला. उत्तर काय, "तू जरा लांबून मार ना."

लांबून! पाल भिंतीला चिकटते ती तळव्यांवरच्या लाखो सूक्ष्म केसांमुळे. पाय आणि भिंत चांगली ओली झाली की ती पकड ढिली पडते. म्हणजे शेगडीच्या वर, भिंतीवर बसलेल्या पालीवर तुम्ही काहीही फवारलं, तेल असो, मिरचीचं पाणी असो की नुसतं साधं पाणी, तर ती सुटून खाली पडायची शक्यता तुम्हीच वाढवता. खाली काय आहे? उघडं पातेलं. ज्या गोष्टीची घरभर भीती, तीच घडवून आणायचा हा खात्रीचा उपाय. त्यात डबा दाबयुक्त असेल तर आतला वायू बहुतेक वेळा ज्वलनशील असतो, आणि खाली शेगडी पेटलेली. मिरचीच्या पाण्याचं तर बोलूच नका, पाल जागच्या जागी आणि सगळं घर खोकतंय.

चुकून पडलीच तर घरातली पाल विषारी नसते, घाबरून पोरांना मीठ-पाणी पाजून उलट्या करायला लावू नका. पण अन्न फेकायचं. "वरचं काढलं, खालचं उकळलं" हे चालणार नाही.

आता माझं म्हणणं ऐकणार आहात का? पालीची विष्ठा बघा. काळपट कांडी आणि टोकाला पांढरा ठिपका. ती कुठे पडते त्यावरून पाल कुठे बसते ते कळतं. आमच्याकडे ती बरोब्बर ट्यूबलाइटच्या खाली आणि खिडकीच्या कडेने एका रेषेत होती. रेषेचं दुसरं टोक होतं एक्झॉस्ट फॅनचं भोक आणि सिंकच्या पाइपभोवतीची बोटभर फट. म्हणजे येते तिथून, जाते लाइटपर्यंत, कारण किडे लाइटवर आहेत. यात अंड्याचा संबंध कुठे आहे?

मी भोकाला बारीक जाळी ठोकून घेतली, पाइपभोवती फट बुजवली, स्वयंपाक झाला की ओट्यावरचा लाइट बंद आणि ओला कचरा झाकून. ओटा पुसून स्वच्छ केल्यामुळे नवी विष्ठा पडली की लगेच दिसते, त्यामुळे उपाय चालतोय का हे कुणाच्या शब्दावर सोडावं लागत नाही. लाइटखालचे ठिपके थांबले. खिडकीजवळ अजून अधूनमधून दिसतात, कारण खिडकी रात्री उघडी ठेवायचा आमच्या ह्यांचा हट्ट आहे. त्याला जाळी बसेपर्यंत माझ्या हातात एकच गोष्ट आहे, झाकण. पातेल्यावर झाकण, पिण्याच्या पाण्यावर झाकण, धुतलेली भांडी पालथी.

आणि विष्ठा कोरड्या झाडूने उडवू नका. ओल्या कागदाने उचला, साबणाने ओटा धुवा, मग लिटरभर पाण्यात साधारण छोटा चमचाभर साधं ब्लीच घालून पुसा आणि शेवटी स्वच्छ पाण्याने धुवा. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा टॉयलेट क्लीनर मिसळायचं नाही, विषारी वायू होतो.

पाल बाहेर काढायची असेल तर अन्न झाकून घ्या, स्वयंपाकघरातला लाइट बंद करा, बाहेरचा लावा, दार उघडं ठेवा आणि थांबा. किंवा भिंतीवर डबा पालथा ठेवून मागून पुठ्ठा सरकवा. झाडूने मारलं तर ती शेपूट टाकून पळते, आणि वळवळणारं शेपूट पडतं ओट्यावर. काल नेमकं तेच झालं. सासूबाई म्हणाल्या, "टरफलं कमी पडली."